डोन्चियनची वरची रेषा भावाला अडवते का?

"भाऊ, वीस दिवसांच्या डोन्चियनमध्ये वरच्या रेषेच्या वर भाव कधी बंद होतच नाही, तिथून परतच फिरते. मग तिथे विकायचंच ना?" (धरमपेठेतल्या एका मित्राचा प्रश्न)

नाही. वरची रेषा म्हणजे वीस दिवसांतला सर्वोच्च भाव, खालची म्हणजे सर्वांत कमी भाव, आणि बहुतेक चार्ट त्यात आजची कॅण्डलही धरतात. आजचा उच्चांकच रेषा वर उचलतो, मग आजचा बंद भाव तिच्या वर जाणार कसा?

समजा कालपर्यंतच्या वीस दिवसांचा उच्चांक 100, नीचांक 82. आज भाव 106 ला जाऊन 104 वर बंद झाला. चार्टवरची रेषा 106 दाखवते, म्हणून भाव परतल्यासारखा वाटतो. कालच्या रेषेशी ताडून पाहा: 104 हा 100 च्या वर आहे. खरेदीचा संकेत तोच, आणि आपला मित्र नेमका तिथेच विकत होता! म्हणून ट्रेडिंगव्ह्यूच्या पाइन स्क्रिप्टमध्ये रेषा एक दिवस मागची घ्यायची:

```
close > ta.highest(high, 20)[1]
close < ta.lowest(low, 20)[1]
```

दुसरी ओळ बाहेर पडण्याची. बहुतेक एक्स्चेंजवर क्रिप्टोची दैनिक कॅण्डल आपल्याकडे पहाटे साडेपाचला बंद होते. नागपुरात रात्री झोपण्याआधी दिसलेला ब्रेकआउट तोवर पुसलाही जाऊ शकतो.

खालची रेषा जुने नीचांक वीस दिवसांतून गळाल्यावरच वर सरकते. म्हणून 104 ला घेतलं तर सुरुवातीला निर्गम 82 खालीच, म्हणजे एका नाण्यामागे किमान 22 चा धोका. लाखाच्या भांडवलावर हजारच गमवायची तयारी असेल, तर 45 नाणी, 4,680 रुपयांची. जास्त घ्यायची नाहीत.