एक्स्पोर्टचा वेळ खातं कोण?

‘भारी ग्राफिक्स कार्ड घेतलं, हार्डवेअर एन्कोडिंग चालू केलं, तरी दहा मिनिटांच्या व्हिडिओला तास का?’

कार्डावरचा एन्कोडर फक्त शेवटचं काम करतो: तयार फ्रेम H.264 किंवा H.265 मध्ये आवळून बसवणं. पण फ्रेम आधी तयार तर व्हायला हवी! सेकंदाला २५ धरल्या, तर दहा मिनिटांच्या १५,००० फ्रेम. त्यात चित्रातले दाणे पुसणारा नॉइज रिडक्शनसारखा इफेक्ट लावला असेल, तर तो बऱ्याचदा शेजारच्या फ्रेमही तपासतो. एकेकीला पाव सेकंद लागला तरी ३,७५० सेकंद, तासाहून जास्त. तोवर एन्कोडर हातावर हात ठेवून बसलेला.

इफेक्ट बंद करून एकच मिनिट एक्स्पोर्ट करा. वेळ धाडकन उतरला, तर दोषी तोच. नाही उतरला आणि H.265 सॉफ्टवेअरने बनत असेल, तर मात्र हार्डवेअर एन्कोडिंगचा फरक खरोखर दिसतो. फक्त त्याच दर्जासाठी फाइल सहसा थोडी मोठी होते.