सांत्वनपत्रातला ‘अभिमान’ नेमका कुणाचा? : पार्श्वभूमी

कर्तव्यावर असताना जवान गेला की घरच्यांना येणाऱ्या पत्रांत एक वाक्य हमखास असते : ‘तुम्हांला त्याचा अभिमान वाटत असेल.’ लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण वाक्यातला अभिमान त्याच्या स्वतःच्या नावावर नसतो. तो परस्पर घरच्यांच्या नावावर लिहून टाकलेला असतो. असे लिहिण्याची रीत फार जुनी आहे. प्राचीन अथेन्समध्ये स्पार्टाशी चाललेल्या युद्धाच्या पहिल्या वर्षातल्या मृतांसाठी झालेल्या सार्वजनिक भाषणात आईवडिलांना मुलांच्या कीर्तीत समाधान मानायला सांगितले गेले, आणि ज्यांचे वय आहे त्यांनी आणखी मुले होऊ द्यावीत असाही सल्ला मिळाला. पण आज आपण जे सांत्वनपत्र लिहितो त्याचा साचा त्या भाषणापेक्षा 1864 सालच्या एका पत्राला जास्त जवळचा आहे.

अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. बोस्टनमधल्या एका विधवेचे पाच मुलगे लढाईत मारले गेले, अशी माहिती राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्यापर्यंत पोचली. 21 नोव्हेंबरच्या तारखेचे त्यांचे पत्र चार दिवसांनी तिच्या हाती पडले आणि त्याच दिवशी बोस्टनच्या वर्तमानपत्रात छापूनही आले. पत्र जेमतेम दीडशे शब्दांचे आहे. एवढ्या मोठ्या दुःखातून तुमचे मन दुसरीकडे वळवू पाहणारे माझे कोणतेही शब्द दुबळे आणि निष्फळच ठरणार, असे राष्ट्राध्यक्ष सुरुवातीलाच लिहितात. सांत्वन कसे लिहावे याचा हा वस्तुपाठच म्हणायला हवा. मात्र शेवटाकडे सूर बदलतो. स्वातंत्र्याच्या वेदीवर इतके मोलाचे बलिदान अर्पण केल्याचा जो गंभीर अभिमान ‘तुमचा असणारच’, तो तुमच्यापाशी राहो, असे ते म्हणतात. पुढच्या दीडशे वर्षांत नक्कल झाली ती या दुसऱ्या वाक्याची. पहिले तितके कुणी उचलले नाही, कारण आपले शब्द अपुरे आहेत हे कबूल करायला अधिकारपदावरच्या माणसाला जड जाते.

त्या पत्राची पुढची हकीकत क्वचितच सांगितली जाते. पाचांपैकी लढाईत मारले गेले होते दोनच. एकाला सन्मानाने सेवामुक्त केले होते, आणि उरलेल्यांपैकी निदान एक तरी सैन्यातून पळून गेला होता. मूळ पत्र आज कुठेच नाही. आजीला ते मुळीच आवडले नव्हते आणि तिने ते नष्ट केले, असे वंशजांनी पुढे सांगितले. मजकूर खरोखर राष्ट्राध्यक्षांचा की त्यांच्या सचिवाचा, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला तो वाद दुय्यम वाटतो. पत्र वाचून त्या बाईला काय वाटले याची नोंद तेव्हा कुणी केली नाही, आणि ‘तुमचा असणारच’ असा अभिमान मात्र लगेच छापून आला, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

पहिल्या महायुद्धात मृतांची संख्या इतकी वाढली की सांत्वनाचे छापील फॉर्म निघाले. ब्रिटिश सैन्यात अधिकाऱ्याच्या घरी तार जाई. साध्या सैनिकाच्या घरी टपालाने एक फॉर्म येई, आणि त्यात नंबर, हुद्दा, नाव, तारीख यांच्या रिकाम्या जागा शाईने भरलेल्या असत. ‘आपल्याला कळवण्याचे दुःखद कर्तव्य’ अशी त्याची सुरुवात असे. फॉर्म कोरडा होता, पण त्यात अभिमान वगैरे काही नव्हते. अभिमान येई तो तुकडीतल्या तरुण अधिकाऱ्याच्या किंवा पाद्र्याच्या हस्तलिखित पत्रातून. लढाई झाल्यावर खंदकात बसून एकेका संध्याकाळी अशी कितीतरी पत्रे लिहावी लागत, त्यामुळे वाक्ये ठरून गेली : तो सर्वांचा लाडका होता, त्याला तत्काळ मरण आले, वेदना झाल्या नाहीत. पुष्कळदा ते खोटे असे. पुढे जखमी सोबती घरी भेटायला आला की पोटातल्या जखमेची, तारांच्या कुंपणात काढलेल्या रात्रीची गोष्ट बाहेर पडे, आणि मग घरचे लोक त्या पत्रातल्या बाकीच्या ओळींवरही विश्वास ठेवीनासे होत.

युद्धानंतर त्याच सरकारने प्रत्येक मृताच्या नातेवाइकांना ब्राँझची एक चकती पाठवली. ती साधारण 12 सेंटिमीटर व्यासाची होती. तिच्यावर उठावात नाव होते, हुद्दा मुद्दाम गाळला होता आणि कडेने ‘स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी तो मरण पावला’ अशा अर्थाचे शब्द होते. हुद्दा गाळण्याचा निर्णय मला आजही शहाणपणाचा वाटतो. लोकांनी मात्र त्या चकतीला ‘मेलेल्या माणसाचा पैसा’ म्हणायला सुरुवात केली. काही घरांत ती चौकटीत बसली, काहींनी ती परत पाठवली. वस्तू एकच होती आणि पाठवणाऱ्याचे शब्दही तेच होते, तरी कुठल्या घरात तिचे काय होईल हे पाठवणाऱ्याच्या हातात नव्हते.

निरोप पोचवण्याच्या पद्धतीत मोठा बदल झाला तो 1965 मध्ये. त्या नोव्हेंबरात व्हिएतनाममधल्या एका खोऱ्यातल्या लढाईत काही दिवसांत अमेरिकेचे दोनशेहून अधिक सैनिक गेले. त्यांच्यापैकी अनेकांची घरे अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या एका छावणीजवळ होती. इतक्या तारा वाटायला माणसे नव्हती, म्हणून त्या टॅक्सीचालकांच्या हाती दिल्या गेल्या. टॅक्सी गल्लीत शिरली की बायका खिडकीशी थिजून उभ्या राहत. तिथल्या एका बटालियनप्रमुखाच्या पत्नीने या तारांच्या मागोमाग घरोघरी जायला सुरुवात केली आणि वरपर्यंत तक्रारही पोचवली. थोड्याच काळात नियम बदलला. आता गणवेशातला अधिकारी आणि शक्यतो धर्मगुरू, असे दोघे दारात उभे राहून सांगतात.

काय सांगायचे तेही ठरलेले आहे. ‘आम्हांला सोडून गेला’, ‘हरपला’ असले आडवळणाचे शब्द वापरायचे नाहीत, ‘मृत्यू’ हा शब्द स्पष्ट उच्चारायचा. कारण आडवळण घेतले की ऐकणाऱ्याचे मन फट शोधते : हरपला म्हणजे अजून सापडू शकेल का? लष्कर खात्याच्या प्रमुखांच्या वतीने ‘तीव्र खेद’ आणि सहवेदना व्यक्त होते, एवढेच. त्यात अभिमानाचा उल्लेख नाही. ज्यांना हे काम प्रत्यक्ष दारात उभे राहून करावे लागते, त्यांनी तो शब्द बाहेर ठेवला. तो टिकला तो भाषणांत, आणि लांबून पत्रे लिहिणाऱ्यांच्या पत्रांत.

आपल्याकडे गुंता शब्दापासूनच सुरू होतो. ‘शहीद’ या अरबी शब्दाच्या मुळाशी साक्ष देणे आहे, आणि इंग्रजीतल्या ‘मार्टिर’चे ग्रीक मूळही साक्षीदार असेच आहे. श्रद्धा सोडली तर प्राण वाचतील हे माहीत असूनही जो ती सोडत नाही, तो साक्ष देतो. ‘हुतात्मा’मध्ये यज्ञात आहुती टाकल्याची कल्पना आहे. या सगळ्या शब्दांत मरणाऱ्याने मरण निवडले आहे असे गृहीत आहे. रात्रपाळीत ट्रक चालवताना दरीत गेलेल्या जवानाने सेवा निवडली होती, मरण नव्हे. ‘शहीद’ ही सैन्यदलांची अधिकृत संज्ञा नाही, असे सरकारने संसदेत एकाहून अधिक वेळा सांगितले आहे, आणि 2022 मध्ये लष्करानेही हा शब्द टाळण्याची सूचना आपल्या विभागांना दिली. लष्कराच्या कागदांत ‘बॅटल कॅज्युअल्टी’ आणि ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ असे दोन रकाने असतात. लढाईशी जोडलेला मृत्यू पहिल्यात येतो, साधा अपघात किंवा आजार दुसऱ्यात. कुटुंबाला मिळणारे लाभही त्यावर ठरतात.

अडचण इथेच होते. गावातल्या फलकावर ‘शहीद’ लिहिलेले असते आणि हाती आलेल्या कागदावर दुसरा रकाना असतो. आईला वाटते, म्हणजे माझा मुलगा कमी पडला का? मोठा शब्द आधी कुणीतरी तिच्या पदरात टाकला नसता, तर हा प्रश्नही आला नसता. कारगिलच्या लढाईपासून, 1999 मध्ये, शवपेट्या घरापर्यंत पोचवण्याची पद्धत रुळली. त्याआधीच्या युद्धांत बहुतेकांचे अंत्यसंस्कार सीमेजवळच उरकत आणि घरी तार, पत्र, सामान येई. शवपेटीबरोबर गर्दी आणि कॅमेरे आले, आणि ‘अभिमान वाटतो ना?’ हा प्रश्न पत्रातून उठून थेट तोंडासमोर आला. कॅमेऱ्यापुढे ‘नाही’ म्हणायची सोय नसते, त्यामुळे मिळालेल्या ‘हो’चा अर्थ लावताना जपून राहावे.

त्या ट्रकचालकाचेच उदाहरण पुढे नेऊ. समजा, तुकडीप्रमुखाला त्याच्या आईला पत्र लिहायचे आहे. पहिल्या ओळीत मुलाचे नाव, घरात हाक मारतात ते कळले असेल तर तेही, आणि मृत्यूचा स्पष्ट उल्लेख. नाव दोनदा तपासावे. 2009 मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या पत्रात नावाचे स्पेलिंग चुकले, आणि हस्ताक्षरामागची सगळी कळकळ त्या एका चुकीत वाहून गेली. मग आपण कोण आणि त्याला किती दिवस ओळखत होतो ते. दोनच महिने ओळखत असू, तर दोनच महिने लिहावे.

त्यानंतर सेवेबद्दल एकच पाहिलेली गोष्ट. ‘शूर, कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ’ ही तीन विशेषणे कोणत्याही जवानाच्या पत्रात चालतात, म्हणून या आईला त्यांतून काहीच मिळत नाही. ‘गाडी सुरू करण्यापूर्वी तो चारही चाकांचे नट हाताने चाचपून पाही, आणि नव्या चालकांना तीच सवय त्याने लावली’ या वाक्यात तिचा मुलगा दिसतो. सेवेचा मान इथेच राखला गेला, शौर्याचा दावा न करता. अपघात कसा झाला ते जेवढे खात्रीने माहीत आहे तेवढे लिहावे. चौकशी चालू असेल तर तसे सांगावे. ‘वेदना झाल्या नाहीत’ हे डॉक्टरांनी सांगितले असेल तरच.

अभिमानाचे वाक्य काढून टाकायलाच हवे असे नाही, फक्त त्याचा कर्ता बदलायचा. ‘तुम्हांला अभिमान वाटत असेल’ ऐवजी ‘त्याच्याबरोबर काम करता आले, याचा मला अभिमान आहे.’ आता आई त्यात सामील होऊ शकते, नाही होऊ शकत, किंवा तिला सैन्याचा राग आला असेल तर तो तसाच ठेवून पत्र जपून ठेवू शकते. ‘देश तुमचा ऋणी आहे’ हेही गाळावे, कारण देशाच्या वतीने बोलण्याचा अधिकार तुकडीप्रमुखाला नाही आणि ते ऋण फेडण्याची ताकदही नाही. शेवटी त्याचे सामान कधी आणि कुणाबरोबर येईल, कागदपत्रांसाठी कुणाला फोन करायचा, आणि सोबत्यांपैकी कुणाला भेटावेसे वाटले तर काय सोय आहे, एवढे.

हे पत्र कुणाला पाठवायचे, यावरही वाद झाले आहेत. रणक्षेत्रात आत्महत्या केलेल्या सैनिकांच्या घरी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे सांत्वनपत्र जात नसे. ते जुलै 2011 पासून जाऊ लागले, तेही एका कुटुंबाने ही बाब लावून धरल्यानंतर. मायदेशी, छावणीत किंवा घरी जीव दिलेले त्या निर्णयात आले नाहीत.