जोडीच्या तारा डोलतात कशामुळे?

तानपुरा लावताना जोडीच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या की आवाज वांऽव वांऽव असा डोलायला लागतो, हे गाणं शिकणाऱ्या प्रत्येकाने ऐकलंय. यालाच बीट्स म्हणतात, शाळेच्या पुस्तकात विस्पंद. बऱ्याच जणांना वाटतं की दोन सूर मिळून तिसरा एक बारीक सूर तयार होतो. तसं नाहीये.

समजा षड्ज पांढरी सहाला, एक तार 220 हर्ट्झ आणि दुसरी 223. कानाच्या पडद्यावर दोन्हींची बेरीज येते, आणि त्या बेरजेला अकरावी-बारावीचं सूत्र लावायचं:

sin A + sin B = 2 sin((A+B)/2) cos((A−B)/2)

A म्हणजे 2π·223·t आणि B म्हणजे 2π·220·t. मग sin मध्ये येतो सरासरी सूर, 221.5 हर्ट्झ, तोच आपल्याला ऐकू येतो. आणि cos मध्ये येतो 1.5 हर्ट्झ, तो इतका सावकाश बदलतो की कानाला सूर म्हणून कळतच नाही, तो फक्त मोठ्या सुराचा आवाज कमीजास्त करत राहतो.

आता इथे सगळे अडकतात, मीही पहिल्यांदा अडकलो होतो. सूत्रात 1.5 आलं, मग सेकंदाला डोल 3 का मोजले जातात? कारण cos +1 असो की −1, आवाज तेवढाच मोठा, चिन्ह उलटलं तर फक्त लाट उलटी होते आणि कानाला ते कळत नाही. cos च्या एका फेरीत असा मोठा आवाज दोनदा येतो, म्हणून 1.5 गुणिले 2, बरोबर 3, म्हणजे सरळ दोन सुरांमधला फरक. पडताळून बघा: 1/6 सेकंदात 223 वाली तार दुसरीपेक्षा बरोब्बर अर्धं कंपन पुढे जाते, एकीचा चढ दुसरीच्या उतारावर, आवाज बसतो. 1/3 सेकंदाला पूर्ण एक कंपन पुढे, पुन्हा दोघी एकत्र.

एक तार हळू छेडली तर आवाज पूर्ण बंद होत नाही, नुसता दबतो, कारण वरचं सूत्र दोन्ही आवाज सारखे धरून आहे. आणि फरक पंधरा-वीस हर्ट्झच्या पुढे गेला की डोल मोजता येत नाहीत, खरखर ऐकू येते.

हेडफोनवर एका कानात एक आणि दुसऱ्या कानात दुसरा सूर देणारे बायनॉरल बीट्सचे व्हिडिओ आजार बरे करतो म्हणून विकतात, तिथे हवेत ही बेरीज होतच नाही, जो डोल जाणवतो तो मेंदूत तयार होतो, आणि त्याने आजार बरे होतात याला भक्कम पुरावा नाही.

डोल मोजून कुठली तार चढी ते मात्र कळत नाही, 217 असती तरी तीनच आले असते. म्हणून मणी किंचित सरकवून बघायचा, डोल संथ झाले तर दिशा बरोबर. शेवटी मूळ सुराचा डोल फार संथ झाला की जवारीतून निघणारे वरचे स्वर ऐकायचे, 440 आणि 446 मध्ये तोच फरक दुप्पट होतो, 880 आणि 892 मध्ये चौपट, त्यामुळे उरलेला बारीक बेसूरपणा तिथेच आधी पकडला जातो.