इनशर्ट आणि दुमडलेल्या बाह्या (छायाचित्र-संपादन)

लेखी सूचना देऊन एआय साधनाकडून फोटोतला पोशाख बदलून घेताना शर्ट खोचलेला हवा की बाहेर सोडलेला, आणि बाह्या कुठवर दुमडायच्या, हे स्पष्ट सांगावे लागते. नुसते ‘शर्ट इन कर’ म्हटले की बहुधा शर्ट कमरेवर कात्रीने कापल्यासारखा सरळ संपतो आणि फोटो खोटा वाटतो.

खोचलेल्या शर्टाचे कापड कमरेशी आवळले जाते. त्यामुळे पट्ट्याच्या वर ते किंचित फुगते, बाजूंना उभ्या चुण्या पडतात आणि पट्ट्यावर हलकी सावली येते. बटणपट्टी साधारण बक्कलाच्या रेषेत उतरते. बाहेर सोडलेल्या शर्टाला यातले काहीच नसते. त्याची खालची कड पट्टा झाकून खिशांच्या तोंडापर्यंत येते. फॉर्मल शर्टाची कड गोलाईची, तर बुशशर्टाची सरळ असते.

लग्नाच्या बायोडाटासाठीचा फोटो घेऊ. मुलाने निळा चौकडीचा शर्ट बाहेर सोडला आहे, उजवा हात पँटच्या खिशात आहे आणि घरच्यांना इनशर्ट हवा आहे. मूळ फोटोत पट्टा दिसतच नाही, म्हणजे तो नव्याने काढावा लागणार. तो कसा, हे सांगितले नाही तर साधन मनाचा पट्टा घालते. सूचना अशी देता येते: ‘शर्ट सगळीकडून पँटमध्ये खोचलेला, पट्ट्याच्या वर कापड थोडे सैल, बाजूंना उभ्या चुण्या. साधा काळा चामडी पट्टा, चौकोनी चंदेरी बक्कल. उजवा हात खिशात तसाच. चेहरा, चौकडी, पँट आणि मागची भिंत बदलू नये.’ हाताचा उल्लेख मुद्दाम आहे. आधी मनगटाशी शर्टाची कड गोळा झाली होती. ती गेल्यावर खिशाचे तोंड उघडे पडते आणि बोटे विचित्र होतात ती तिथेच.

बाह्यांबाबत ‘दुमडलेल्या’ हा शब्द अपुरा आहे. कफाचे बटण काढून कफाच्याच रुंदीच्या दोन घड्या घातल्या, तर बाही सहसा कोपराच्या खाली थांबते. घडीवर कापडाची आतली बाजू दिसते, म्हणून छापील कापड तिथे फिकट हवे. विणलेली चौकडी मात्र दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच असते. घडी जाड असते, तिच्या वर बाही जरा फुगते. उलट वर सारलेल्या बाहीला घडी नसते, नुसत्या आडव्या सुरकुत्या असतात. हात उघडा पडला की त्वचेचा रंग चेहऱ्याशी जुळावा, आणि घड्याळ किंवा गंडादोरा हवा की नको, हेही लिहावे. दोन्ही बाह्या मिलिमीटरभरही फरक नसलेल्या आल्या, तर त्या इस्त्रीच्या दुकानातल्या वाटतात. ‘डावी बाही किंचित खाली’ एवढे जोडले तरी पुरते.

निकाल तपासताना आधी बटणपट्टी पाहावी. पुरुषांच्या शर्टात घालणाऱ्याची डावी बाजू वर येते. संपादनात ती कधी उलटते. मग चौकडीच्या रेषा पट्ट्यापाशी पाहाव्यात: चुणीत शिरताना त्या वाकल्या नसतील, तर कापड खोचलेले नाही, वरून रंगवलेले आहे.