ग्रुप व्हिसा वेगळा, ग्रुपसोबत काढलेला व्हिसा वेगळा

दादर-पार्ल्याच्या टूर ऑफिसांत "ग्रुपमधून जाताय ना, मग व्हिसाची काळजी सोडा" हे वाक्य सर्रास ऐकू येतं. ते कोणत्या देशाबद्दल म्हटलंय, त्यावर त्याचा अर्थ बदलतो.

खरा ग्रुप व्हिसा म्हणजे सगळ्या गटाचा मिळून एकच कागद, त्यावर सर्वांची नावं. चीनच्या नियमांत पर्यटनाच्या 'L' व्हिसाचा असा सामूहिक प्रकार आहे. गटाने एकत्र आत जायचं आणि एकत्रच बाहेर पडायचं. भारतात येणाऱ्या परदेशी गटांसाठीही आपल्याकडे वर्षानुवर्षं सामूहिक परवान्याची सोय होती: किमान 4 जण, आणि मान्यताप्राप्त एजन्सीने लिहून द्यायचं की वाटेत कुणी गट सोडून जाणार नाही. इथे टूरवाला हमी देतो खरी, पण ती सरकारला देतो. तुमच्या वतीने नव्हे, तुमच्याबद्दल! त्यामुळे मधेच कुणाला घरी परतावं लागलं, तर तिकीट बदलून काम भागत नाही, आधी त्या कागदाचं काय करायचं ते बघावं लागतं.

युरोपचं म्हणाल तर तिथल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसात हा प्रकारच नाही. चाळीस जणांचा ग्रुप असला तरी अर्ज चाळीस, फाइली चाळीस आणि निर्णयही चाळीस. बोटांचे ठसे द्यायला मुंबईच्या व्हिसा केंद्रात ज्याने त्याने स्वतः जायचं. (आधी दिलेले ठसे 59 महिन्यांपर्यंत पुन्हा चालू शकतात, आणि 12 वर्षांखालच्या मुलांचे घेत नाहीत.) "ग्रुप" आहे तो फक्त अपॉइंटमेंटच्या दिवसापुरता.

समजा, पार्ल्याचे नवरा-बायको आणि सासूबाई 15 मेच्या टूरला निघालेत. स्वित्झर्लंडला 4 रात्री, फ्रान्सला 3, इटलीला 2. मुक्काम सर्वांत जास्त जिथे, अर्ज तिथे, म्हणून स्वित्झर्लंडकडे. तिघांच्या फाइलीत निम्मे कागद टूरवाल्याचे आणि अगदी सारखे: हॉटेलचं बुकिंग, विमानाचं बुकिंग, दिवसवार कार्यक्रम, किमान 30,000 युरोंचा विमा. त्यात चूक होणार नाही, फॉर्म नीट भरला जाईल, अपॉइंटमेंटसाठी धावपळ केली जाईल, एवढं तो छातीठोकपणे सांगू शकतो. चांगला टूरवाला तेवढं करतोच.

उरलेले निम्मे कागद ज्याचे त्याचे. नवऱ्याचा पगार दर महिन्याला खात्यात दिसतो, रजेचं पत्र आहे, रिटर्न भरलेले आहेत. सासूबाईंच्या खात्यात मात्र एरवी जेमतेम शिल्लक आणि अर्जाच्या आठवडाभर आधी अचानक चार लाख. पैसे मुलानेच दिलेत, पण खर्च तो करणार असल्याचं पत्र आणि त्याचं बँक स्टेटमेंट सासूबाईंच्या फाइलीत लावायचं राहिलं. दोन व्हिसे आले, तिसरा नाकारला, असं होतं ते इथे. नकाराच्या छापील फॉर्मवर कारणाच्या चौकटीत खूण असते, ती आधी बघा. विमा किंवा मुक्कामाच्या पुराव्याबद्दल असेल तर टूरवाल्याला जाब विचारा. पैशांची सोय किंवा परत येण्याच्या इराद्याबद्दल असेल, तर बहुतेक वेळा उणीव तुमच्याच कागदांत असते.

तारखेची हमी तर कुणीच देऊ नये. नियमाने निर्णय 15 दिवसांत, पण वकिलातीला हवं असेल तर 45 दिवसांपर्यंत. वरच्या कुटुंबाचा अर्ज 10 एप्रिलला गेला, तर 25 एप्रिलला व्हिसा हातात असेल, नाहीतर 25 मेला. म्हणजे ग्रुप परत आल्यावर, आणि तरी कुणी नियम मोडलेला नाही. हाच अर्ज 15 फेब्रुवारीला गेला असता, तर 45 दिवस धरूनही 1 एप्रिल उजाडला असता. प्रवासाच्या 6 महिने आधीपासून अर्ज करता येतो, तरी "मे लांब आहे" म्हणत मंडळी कागद द्यायला मार्च उजाडवतात. सुट्टीच्या हंगामात अपॉइंटमेंट मिळणंच कठीण, हे टूरवाला सांगत असतो, पण त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

आता पैसे. शेंगेनची फी 11 जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो आहे आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही. त्याहून मोठी रक्कम टूरची. बऱ्याच बुकिंग फॉर्मांत व्हिसा नाकारला गेला तर ते तुम्हीच बुकिंग रद्द केल्यासारखं धरतात, आणि निघायला जितके कमी दिवस उरलेत तितकी कपात वाढते. सासूबाईंना नकार आला म्हणून मुलगा-सूनही थांबले, तर त्या दोघांचं रद्द करणं वेगळं मोजलं जाऊ शकतं, कारण त्यांचे व्हिसे तर आलेले असतात. हे कलम सही करण्याआधी वाचा, आणि तीन गोष्टी ई-मेलवर लेखी मागा: नकार आला तर किती कापणार, व्हिसा उशिरा आला तर किती, आणि घरातल्या एकालाच नकार आला तर बाकीच्यांचं काय. "आमच्याकडे शंभर टक्के व्हिसा होतो" म्हणणाऱ्याला तेच वाक्य रिफंडच्या कलमात लिहून द्यायला सांगा.