एकमार्गी अनोव्हाच्या उत्तराची तपासणी

एकाच घटकामुळे पडलेल्या गटांच्या सरासऱ्या समान मानता येतील का, हे एकमार्गी अनोव्हा (एकमार्गी प्रचरण विश्लेषण) तपासते. गट सहसा तीन किंवा त्याहून जास्त असतात. आकडेमोड आता संगणक करत असल्याने बेरीज-भागाकार चुकल्याची उदाहरणे कमी दिसतात. चुका राहतात त्या दोन ठिकाणी. एक म्हणजे मुक्तता-मात्रा, ज्यांना विद्यार्थी आणि शिक्षक ‘डीएफ’च म्हणतात, आणि दुसरे म्हणजे शेवटी लिहिलेले निष्कर्षाचे वाक्य.

आर या सांख्यिकी प्रणालीसोबत मिळणारा `PlantGrowth` हा विदासंच सरावासाठी सर्रास वापरला जातो. त्यात ३० रोपांचे वाळवल्यानंतरचे वजन आहे. नियंत्रण गट (`ctrl`) आणि दोन उपचार गट (`trt1`, `trt2`) अशा तीन गटांत प्रत्येकी १० रोपे आहेत. गटांच्या सरासऱ्या अनुक्रमे ५.०३२, ४.६६१ आणि ५.५२६ आहेत.

```
summary(aov(weight ~ group, data = PlantGrowth))
            Df Sum Sq Mean Sq F value Pr(>F)
group        2  3.766  1.8832   4.846 0.0159
Residuals   27 10.492  0.3886
```

तपासणीची सुरुवात `Df`च्या स्तंभापासून करावी. गट तीन असले तरी एकूण सरासरी ठरली की दोनच गट-सरासऱ्या मोकळ्या राहतात आणि तिसरी आपोआप ठरते, म्हणून वरच्या ओळीत २. प्रत्येक गटातील १० वजनांपैकी ९ मोकळी असतात, म्हणून अवशिष्टाच्या ओळीत ९ × ३ = २७. दोन्हींची बेरीज २९ येते, म्हणजे एकूण रोपांपेक्षा एक कमी. गटांचे आकार असमान असले तरी हा हिशेब मोडत नाही, कारण अवशिष्टाची मात्रा नेहमी एकूण निरीक्षणे वजा गटांची संख्या इतकीच असते. अहवालात फक्त `F(2, 30)` असे दिले असेल आणि वर ‘३० रोपे’ म्हटले असेल, तर तक्ता न पाहताही चूक पकडता येते. ३० मात्रा येण्यासाठी रोपे ३३ हवीत. उलट `F(2, 25)` दिसले, तर बहुधा दोन रोपांची नोंद गाळली गेली आहे आणि मजकुरात ते सांगायचे राहिले आहे.

हाताने सोडवलेल्या उत्तरात सर्वाधिक दिसणारी चूक म्हणजे अवशिष्टाच्या ओळीत एकूण मात्रा, म्हणजे २९, लिहिणे. मग १०.४९२ ला २९ ने भागले जाते, सरासरी वर्ग ०.३६२ होतो, एफ ५.२१ वर जातो आणि पी-मूल्य ०.०१६ ऐवजी ०.०१२ येते. निर्णय तोच राहतो, म्हणून अशी चूक बरेचदा नजरेतून सुटते. गट तीनच असतील तर पी-मूल्य कॅल्क्युलेटरवरही पडताळता येते, कारण अंशाची मात्रा २ असताना सूत्र अगदी सुटसुटीत होते. त्यात SSE ही अवशिष्टाची वर्ग-बेरीज, SST ही दोन्ही ओळींची मिळून एकूण वर्ग-बेरीज आणि dfE ही अवशिष्टाची मात्रा:

```
p = (SSE / SST)^(dfE / 2) = (10.492 / 14.258)^13.5 ≈ 0.0159
```

संगणकाच्या तक्त्यात वेगळीच चूक येते. गटांना १, २, ३ असे आकडे दिले आणि तो स्तंभ `factor` केला नाही, तर आर त्याला मोजलेली राशी समजते आणि सरळ रेषा बसवते. मग वरच्या ओळीत १ आणि खाली २८ अशा मात्रा येतात. याच विदेवर तेव्हा एफ सुमारे २.६२ आणि पी सुमारे ०.१२ मिळते, म्हणजे निर्णयच उलटतो. बेरीज मात्र २९च भरते. म्हणून फक्त बेरीज जुळते का हे पाहून भागत नाही. वरच्या ओळीतला आकडा गटांच्या संख्येपेक्षा बरोबर एकने कमी आहे की नाही, हे वेगळे पाहावे लागते.

तिसऱ्या प्रकारची चूक तक्ता पाहून कळतच नाही. समजा, प्रत्येक रोप तीनदा तोलले आणि तिन्ही वेळा तेच वजन आले. ९० ओळी तशाच भरल्या, तर अवशिष्टाची मात्रा ८७ होते, एफ ४.८५ वरून १५.६ वर जातो आणि पी दहा लाखांत दोनपेक्षाही खाली उतरते. नवी माहिती मात्र शून्य. मात्रा मोजायच्या त्या उपचार ज्याला स्वतंत्रपणे दिला गेला त्या एककावरून, वजनकाट्यावरच्या नोंदींवरून नव्हे. एकाच कुंडीत पाच रोपे असतील आणि उपचार कुंडीला दिला असेल, तर एकक कुंडी ठरते. म्हणून तपासणाऱ्याने प्रयोगाचे वर्णन वाचल्याशिवाय मात्रांना होकार देऊ नये.

अपूर्णांकी मात्रा दिसली की घाईने लाल रेघ ओढू नये. आरमधील `oneway.test` गटांचे प्रचरण समान आहे असे मुळात धरत नाही. ते वेल्चची पद्धत वापरते, आणि याच विदेसाठी छेदाची मात्रा १७.१२८ देते. ती बरोबर आहे. चूक होते ती हा आकडा `aov`च्या एफला जोडला तर.

आता निष्कर्ष. एफ-चाचणी पाच टक्के पातळीवर इतकेच सांगते की तिन्ही सरासऱ्या समान असल्याचे गृहीतक या विदासंचाशी जुळत नाही. कोणती सरासरी कोणापेक्षा वेगळी, हे त्यात नाही. तरीही ‘उपचारामुळे वजन वाढले’ असे वाक्य उत्तराखाली हमखास येते. टुकीच्या चाचणीने जोड्या तपासल्या तर ते टिकत नाही:

```
             diff     lwr    upr  p adj
trt1-ctrl  -0.371  -1.062  0.320  0.391
trt2-ctrl   0.494  -0.197  1.185  0.198
trt2-trt1   0.865   0.174  1.556  0.012
```

नियंत्रण गटापासून वेगळा ठरवता येईल असा एकही उपचार इथे नाही. फरक दिसतो तो दोन उपचारांमध्येच. पहिल्या उपचाराची सरासरी नियंत्रणापेक्षा खाली आणि दुसऱ्याची वर असल्यामुळे त्यांच्यातले अंतर मोठे झाले आहे. ‘तिन्ही गट एकमेकांपासून वेगळे आहेत’ हे वाक्य म्हणूनच चूक. त्याच्या उलट टोकाचे ‘पहिल्या उपचाराचा काही परिणाम नाही’ हेही तितकेच चूक. त्या जोडीचे ९५ टक्के अंतराल −१.०६ ते ०.३२ असे पसरले आहे. ०.३७ ची घट त्यात बसते आणि शून्यही बसते. ‘फरक सिद्ध झाला नाही’ एवढेच लिहिता येते.

पी-मूल्यातून परिणामाचा आकार काढणे ही आणखी एक नेहमीची ओढाताण. ०.०१६ चा अर्थ ‘परिणाम मोठा’ असा होत नाही. आकार सांगायचा तर सरासऱ्यांमधले फरक आणि त्यांची अंतराले द्यावीत. ३.७६६ ला १४.२५८ ने भागून मिळणारे ०.२६ (ईटा-वर्ग) पुष्कळदा ‘वजनातला २६ टक्के फरक उपचाराने झाला’ असे वाचले जाते. हे प्रमाण या नमुन्यापुरते आहे आणि लहान नमुन्यात ते फुगलेले असते. त्याच आकड्यांवरून काढलेला ओमेगा-वर्ग ०.२० येतो.

शेवटी कार्यकारणाचा दावा. रोपांना उपचार चिठ्ठ्या टाकून, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने, दिले असतील तरच ‘मुळे’ हा शब्द चालतो, आणि ते तक्त्यातून कळत नाही. या विदासंचाच्या माहितीपानावर उपचार नेमके कोणते होते, हेही दिलेले नाही. तरी उत्तरपत्रिकांत ‘खत’ हा शब्द येतो आणि त्यापाठोपाठ शेतकऱ्यांना दुसरे खत वापरण्याची शिफारसही. खत, शेत आणि पिकाचे उत्पन्न यांपैकी काहीच या ३० वजनांत नाही. टिकणारे वाक्य असे असेल: ‘तिन्ही गटांच्या सरासऱ्या समान नसल्याचा पुरावा मिळाला, F(२, २७) = ४.८५, p = ०.०१६, टुकीच्या चाचणीनुसार दुसऱ्या उपचार गटाचे सरासरी वजन पहिल्या उपचार गटापेक्षा ०.८७ ने जास्त आहे (९५ टक्के अंतराल ०.१७ ते १.५६), नियंत्रण गटापासून दोन्हींचा फरक प्रस्थापित झाला नाही.’