गच्चीचा एक्सपान्शन जॉइंट मे महिन्याच्या दुपारी आम्ही का भरत नाही
(लांब आरसीसी इमारतींच्या मालकांसाठी, सोसायट्यांसाठी आणि ठेकेदारांसाठी माहितीपत्रक)

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की आमचा फोन थांबत नाही. मागणी एकच: "पाऊस तोंडावर आलाय, गच्चीचा जॉइंट तेवढा भरून द्या." आम्ही मात्र विचारत बसतो की काम सकाळी करायचं की दुपारी, जॉइंट किती मिलिमीटर रुंद आहे, लिफ्ट कुठल्या टोकाला आहे. ग्राहकाला वाटतं, हे काम टाळतायत. तसं नाही. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी भरलेला जॉइंट डिसेंबरात फाटतो, आणि जानेवारीत पुन्हा आम्हालाच बोलावणं येतं. तो का फाटतो, याचा हिशेब खाली मांडला आहे.

जॉइंट कुठे द्यायचा

आयएस ४५६ म्हणतं की इमारत ४५ मीटरपेक्षा लांब असेल तर साधारणपणे एक किंवा अधिक एक्सपान्शन जॉइंट द्यावेत. हा आकडा म्हणजे लक्ष्मणरेषा नव्हे. ५० मीटरची इमारत चांगल्या सावलीत आणि जाड कोब्याखाली असेल, तर डिझायनर हिशेब करून जॉइंट टाळू शकतो. उलट गच्चीचा स्लॅब उघडा असेल तर ३५ मीटरलाही विचार करावा लागतो. जॉइंट द्यायचा ठरला की तो वरपासून पायाच्या माथ्यापर्यंत सलग हवा: दोन्ही बाजूंना वेगळे कॉलम, वेगळे बीम, मधे पूर्ण मोकळी फट. पाया एकच चालतो, कारण जमिनीखाली तापमान फारसं बदलत नाही. पण मधल्या एखाद्या मजल्यावर गिलावा, टाइल्स किंवा कठडा सलग नेला, तर स्लॅब तिथेच स्वतःचा जॉइंट तयार करतो, म्हणजे तडा.

हालचाल किती होते

एक उदाहरण घेऊ. नागपूरजवळच्या तीन मजली वसतिगृहाची इमारत ११० मीटर लांब आहे. तिचे दोन जॉइंटने तीन भाग केले आहेत: ३६, ३८ आणि ३६ मीटर. विदर्भात खडी बहुधा काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची. अशा काँक्रीटसाठी आयएस ४५६ मध्ये प्रसरणाचा गुणांक दर अंश सेल्सिअसला ०.८ ते ०.९५ गुणिले दहाचा उणे पाचवा घात असा दिला आहे. आम्ही ०.९ धरतो.

प्रत्येक भाग आपल्या मध्याभोवती आखडतो आणि पसरतो असं धरलं, तर पहिल्या जॉइंटवर एका बाजूचे १८ मीटर आणि दुसऱ्या बाजूचे १९ मीटर, म्हणजे एकूण ३७ मीटर काम करतात. याचा अर्थ दर अंशाला सुमारे ०.३३ मिलिमीटर, तीन अंशांना एक मिलिमीटर. पातळ कोबा असलेल्या गच्चीच्या स्लॅबसाठी आम्ही थंडीतल्या पहाटेचे १२ अंश ते मेच्या दुपारचे ५२ अंश धरतो. फरक ४० अंशांचा, हालचाल साधारण १३.३ मिलिमीटर. आतल्या मजल्यावर फरक १५ अंशांच्या आसपास असतो, तिथे हालचाल ५ मिलिमीटर. म्हणून एकाच जॉइंटला गच्चीवर एक सीलंट आणि खाली दुसरं लागू शकतं. "एकच माल सगळीकडे लावा" असं आम्हाला नेहमी सांगितलं जातं, आणि आम्ही नेहमीच नाही म्हणतो.

इथे लिफ्टचा प्रश्न येतो. लिफ्टच्या किंवा जिन्याच्या जाड आरसीसी भिंती मध्यावर नसून भागाच्या पलीकडच्या टोकाला असतील, तर तो भाग तिथे धरून ठेवला जातो आणि त्याची सगळी ३६ मीटर जॉइंटकडे सरकतात. मग ३७ ऐवजी ५५ मीटर काम करतात आणि हालचाल जवळजवळ २० मिलिमीटरवर जाते. फक्त लिफ्टची जागा बदलली, तर दीडपट. नकाशा मागितल्यावर कंटाळा करू नका, हे आमचं म्हणणं त्याच्यासाठीच.

दुसरी गोष्ट आकुंचनाची. काँक्रीट सुकताना आखडतं. चाचणी झालेली नसेल तर आयएस ४५६ प्रमाणे ०.०००३ धरतात. ३७ मीटरला ते ११ मिलिमीटर होतं. ही हालचाल एकाच दिशेची असते, जॉइंट फक्त उघडते, कधीच मिटवत नाही. त्यातली बरीचशी पहिल्या काही महिन्यांत होऊन जाते. स्लॅबला वर्ष झालं असेल तर उरलेल्यासाठी आम्ही ३ मिलिमीटर धरतो. महिनाभराच्या स्लॅबवर सीलंट भरायला सांगितलं तर हा आकडा मोठा होतो, म्हणून घाईच्या कामाला आम्ही थांबायला सांगतो.

आता मे महिन्याची गोष्ट

समजा स्लॅब ३० अंशांवर असताना फट २५ मिलिमीटर आहे. त्या वेळी सीलंट भरलं, तर थंडीत ती १८ अंशांच्या फरकाने ६ मिलिमीटर उघडेल, वर आकुंचनाचे ३, म्हणजे ९. मे महिन्यात ती ७ मिलिमीटरच्या थोडी वर मिटेल. पंचवीस मिलिमीटरवर नऊचा ताण म्हणजे ३६ टक्के. बाजारात सहज मिळणारं पॉलियुरेथेन सीलंट बहुधा २५ टक्क्यांच्या वर्गातलं असतं, म्हणजे फटीच्या रुंदीच्या २५ टक्क्यांपर्यंतच हालचाल सोसणारं; त्यामुळे योग्य दिवशी भरूनही ते गच्चीवर कमी पडेल. ५० टक्के वर्गाचं न्यूट्रल सिलिकॉन मात्र चालेल.

तेच काम मेच्या दुपारी स्लॅब ५२ अंशांवर असताना करा. त्या वेळी फट आधीच ७ मिलिमीटरने मिटून सुमारे १७.७ वर आलेली असते. तिथून थंडीपर्यंत ती १३.३ अधिक ३, म्हणजे १६ मिलिमीटरहून जास्त उघडणार. १७.७ वर १६.३ म्हणजे ९२ टक्के! ५० टक्क्यांचा माल ९२ टक्के ताणला जात नाही, तो मधोमध फाटतो किंवा कडेने सुटतो. माल तोच, कारागीर तोच, चूक फक्त दुपारची. त्याच दिवशी पहाटे स्लॅब ३४ अंशांवर असताना भरलं, तर हिशेब ४३ टक्क्यांच्या आसपास बसतो. म्हणून मे महिन्यात काम घेतलंच तर आम्ही पहाटे येतो, आणि नंतर दोन दिवस जॉइंटच्या दोन्ही बाजूंना हिरवं शेडनेट लावतो, कारण सीलंट घट्ट होण्याआधी स्लॅब जास्त हलला तर त्यावर सुरकुत्या पडतात.

आमचा खरा सल्ला पावसाळ्यानंतरचा, नोव्हेंबर-डिसेंबरचा आहे. तेव्हा फट मधल्या किंवा उघड्या स्थितीत असते आणि पुढे सीलंटला मुख्यतः दाब सोसायचा असतो. थंडीत भरलेल्या जॉइंटवर मे मधला दाब ४३ टक्क्यांच्या आसपास येतो, तो ५० टक्क्यांच्या मालाला पेलवतो. फक्त दवाने ओली झालेली कड वाळू द्यावी लागते, म्हणून तेव्हा सुरुवात सकाळी दहाच्या पुढेच. "आता मे आहे, पाऊस तर येणारच" असं असेल तर पावसाळ्यापुरती वरून पट्टी लावून देतो. तिचे पैसे नोव्हेंबरच्या बिलातून वजा होतात.

सीलंट निवडताना

उन्हात आणि गच्चीवर न्यूट्रल सिलिकॉन टिकतं, पण त्यावर रंग बसत नाही आणि सच्छिद्र दगडावर डाग पडू शकतो. दर्शनी भिंतीला रंग लागणार असेल तर पॉलियुरेथेन घ्या, मात्र आधी हालचाल मोजून. गिलाव्याच्या भेगांसाठी मिळणारं अ‍ॅक्रिलिक इथे वापरू नये, त्याची सोसण्याची ताकद बहुधा १० टक्क्यांच्या आसपासच असते. आणि हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या ज्या सिलिकॉनला व्हिनेगरचा वास येतो, ते काँक्रीटवर कधीही लावू नका. त्यातलं अ‍ॅसिड काँक्रीटच्या क्षाराशी भिडतं आणि पकड जाते.

माल कितीही चांगला असला तरी तो तीन बाजूंनी चिकटला तर फाटणारच. खालच्या तळाला चिकटलेलं सीलंट ताणलं की मोकळं होत नाही, रबर एका टोकाला खिळ्याने ठोकल्यासारखं अडकतं. म्हणून खाली फोमची बॅकर रॉड. २५ मिलिमीटर फटीला ३० मिलिमीटरची रॉड दाबून बसवतो आणि वर सीलंटची जाडी रुंदीच्या निम्मी ठेवतो, म्हणजे १२ मिलिमीटर. "भरपूर भरा, मालाचे पैसे आम्ही देतो" अशी उदारता नको. जाड थर कमी ताणला जातो. रॉड बसवताना तिला टोचायचं नाही, नाहीतर आतली हवा वर येऊन फुगे दिसतात.

फाटलेला जॉइंट बघूनच कारण कळतं. मधोमध फाटला असेल तर हालचाल जास्त झाली किंवा थर चुकला. कडेने सोलून निघाला असेल आणि मागच्या बाजूला सिमेंटची पांढरी भुकटी दिसत असेल, तर कड साफ केली नव्हती किंवा प्रायमर लावायचा राहिला. आमच्या कामात दर जॉइंटला एक जागा कापून, पट्टी बोटांनी ओढून दाखवतो. सीलंट तुटावं, पण काँक्रीटवरून सुटू नये.

आणखी दोन गोष्टी

नकाशावर २५ मिलिमीटर लिहिलेलं असतं. साइटवर थर्माकोल दबून कुठे १६, कुठे ३० निघते. १६ मिलिमीटरवर ९ चा ताण म्हणजे ५६ टक्के, म्हणून आम्ही ठिकठिकाणी मोजल्याशिवाय दर सांगत नाही. अरुंद भाग कापून रुंद करावा लागतो किंवा वरून चिकटवायची रुंद पट्टी वापरावी लागते. भूकंपासाठी लागणारी फट वेगळी असते आणि ती स्ट्रक्चरल इंजिनिअरच सांगतो. ती ६०-७५ मिलिमीटरची निघाली तर तिथे सीलंटचं काम नाही, कव्हर प्रोफाइल लावावं लागतं. त्याची प्लेट एकाच बाजूला स्क्रूने धरावी. दोन्ही बाजूंना स्क्रू मारला की जॉइंट बंद झाला.

काम विचारायला फोन करताना जॉइंटचे तीन फोटो पाठवा: गच्चीवर, मधल्या मजल्यावर आणि बाहेरच्या भिंतीवर, प्रत्येक फोटोत फटीवर मोजपट्टी ठेवून. त्यासोबत इमारतीची लांबी, लिफ्ट कुठे आहे ते, स्लॅब कधी पडला आणि फोटो किती वाजता काढला, एवढं लिहा. बाहेरगावच्या साइटला मोजणीचा खर्च आधी सांगतो, आणि काम आम्हाला दिलंत तर तो बिलातून वजा होतो.